मधली बावीस वर्षं

"बघता बघता बावीस वर्षं सरली." हे वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणाला नावं ठेवायचा प्रश्नच येत नाही. एका घरातल्या तीन पिढ्यांची कादंबरी लिहायला घेतली होती. पहिली पिढी दीडशे पानांत बरी उभी राहिली. दुसरीकडे जायचं तर मधे बावीस वर्षांचा खड्डा होता, आणि तो बुजवायला मी अकरा पानं घातली. कोण वारलं, कोणाचं लग्न झालं, कोण मुंबईला गेलं, दुष्काळ पडला, आणीबाणी आली आणि उठली. वाचायला दिलेल्या मैत्रिणीने त्या अकरा पानांवर एकही खूण केली नाही. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर मात्र पेन्सिलीने लिहिलं होतं : "हा वसंत कोण? मला तो सहा वर्षांचा मुलगा हवाय."

वसंत तोच होता. सहाचा एकोणतीस झाला होता, एवढंच. तो कसा मोठा झाला, हे मी अकरा पानं खर्चून सांगितलंही होतं. तरी वाचणारीला तो अनोळखी वाटला. त्याचं कारण शोधताना मला जे कळलं ते इथे त्याच उदाहरणावरून सांगतो. घर काल्पनिक आहे, पण भोवतालचा काळ आणि मुलूख खरा.

आधी पहिली पिढी थोडक्यात. संगमेश्वर तालुक्यातलं एक गाव, साल 1959. भिकू मुंबईत कापड गिरणीत बदली कामगार आहे. बदली म्हणजे कायम नाही. रोज पाळीच्या वेळेला गिरणीच्या दाराशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचं, नाहीतर खोलीवर परत. खोली म्हणजे गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेला गाळा, पाळीपाळीने झोपायचं. गावी बायको सुंदरा आणि मुलगा वसंत, ज्याला घरात सगळे वश्या म्हणतात. दर महिन्याला पंधरा रुपयांची मनीऑर्डर येते. मनीऑर्डरच्या फॉर्मला निरोप लिहायची एक छोटी पट्टी असायची. पैसे दिले की पोस्टमन ती फाडून हातात द्यायचा. सुंदराला वाचता येत नाही, पोस्टमनच वाचून दाखवतो. मेमधल्या पट्टीवर गाळ्यातल्या कोणाच्या तरी अक्षरात लिहिलेलं असतं : "पावसाच्या आत येतो. वश्याला पाटी आणतो."

पाऊस लागतो. भिकू येत नाही. कायम होण्याची आशा असल्याने त्याला दार सोडवत नाही, पण हे गावी कोणाला ठाऊक नाही. पुढच्या मनीऑर्डरी येतात, पट्ट्या कोऱ्या असतात. सुंदरा कोऱ्या पट्ट्याही टाकत नाही, दुकानदार पावत्या खोवतो तशी तारेत ओवून ठेवते. वश्या शेजारच्या मुलाच्या फुटक्या पाटीच्या तुकड्यावर शाळा सुरू करतो. भिकू येतो तो थेट पुढच्या शिमग्याला. मुलासाठी सदरा आणतो. पाटी आणत नाही. मुलगा सदरा घालतो, आणि पाटीचं विचारत नाही.

इथून 1982 च्या जूनमध्ये जायचं आहे.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी इथून पुढे घटना मोजत गेलो. कादंबरी म्हणजे घटनांची साखळी, मधल्या कड्या गाळल्या तर साखळी तुटेल, ही त्यामागची भीती. ती भीतीच चुकीची होती. वाचकाला घटना लागोपाठ नसल्या तरी चालतात. लग्नात वीस वर्षांनी भेटलेल्या मावसभावाला आपण मधल्या वीस वर्षांचा हिशोब विचारत नाही. तो हसताना तसाच मान खाली घालतो एवढं दिसलं की पुरतं. वाचकाला जे धरून ठेवतं ते म्हणजे दोन माणसांमधली न फिटलेली उधारी. भिकूने मुलाला एक शब्द दिला आणि तो पाळला नाही. मुलाने तो मागितला नाही. ही उधारी उघडी आहे, आणि ती वाचकाने डोळ्यांनी पाहिलेली आहे. बावीस वर्षांवरून उडी मारताना वाचक हाताशी हेच घेऊन येतो. पलीकडे उतरल्यावर त्याला हीच उधारी दुसऱ्या कोणाच्या तरी वागण्यात सापडली, तर तो म्हणतो, हं, हे तेच घर. अकरा पानांत मी सगळं सांगितलं होतं, पण पाटीचं नाव कुठेच नव्हतं.

म्हणून उडीची तयारी अलीकडच्या काठावर करायची असते. मी मूळ खर्ड्यात भिकूचं शिमग्याला येणं, पालखी, मग परतीची बोट, बोटीवरून दिसणारा किनारा, असं सगळं लिहून प्रकरण शांतपणे संपवलं होतं. प्रसंग पुरा झाला होता, आणि तीच चूक झाली. पुरा झालेला प्रसंग वाचक मागे ठेवून येतो. आता प्रकरण सदऱ्यापाशीच थांबतं. मुलगा सदऱ्याची बटणं लावतोय, खालचं बटण वरच्या काजात गेलंय, आणि बाप म्हणतो, "बरा बसला." पुढे काही नाही. भिकू कधी परत गेला तेही लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र उडीच्या खड्ड्यात टाकता येत नाही. ज्या प्रसंगाची तुम्ही वाचकाला वाट पाहायला लावली, तो दाखवावाच लागतो. भिकू येणार की नाही, हा प्रश्न मी पन्नास पानं ताणला होता. त्याचं येणं न दाखवता 1982 ला गेलो असतो तर वाचकाला फसवल्यासारखं झालं असतं, आणि पुढे कितीही सुंदर लिहिलं तरी तो राग गेला नसता. उडी आधी ठरवून ठेवली असेल तर त्या जागेच्या अलीकडची शेवटची तीस-चाळीस पानं वाचून बघावी आणि स्वतःला विचारावं : इथे वाचक कशाची वाट पाहतोय? उत्तर "बाप येतो का" असं एखाद्या घटनेचं असेल तर अजून थांबायला हवं. उत्तर "याचं पुढे मुलाच्या मनात काय होईल" असं असेल तर खुशाल उडी मारा, कारण ते बघायला वर्षंच लागतात.

आता पलीकडचा काठ. 1982 च्या 18 जानेवारीपासून मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू आहे. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. महिन्यांमागून महिने गेले तसे कोकणातले, घाटावरचे अनेक जण खोलीचं भाडं आणि खानावळीचे पैसे परवडेनात म्हणून गावी परतले. वसंत त्यातलाच एक. पाच महिने पगार नाही. बायको सुलोचना, पाच वर्षांची मुलगी नंदा, आणि आई सुंदरा, आता पंचेचाळिशीची. भिकू हयात नाही.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ही चूक हुशार माणसं जास्त करतात. उधारीचं कळल्यावर मला वाटलं, आता सोपं आहे. जून महिना, नंदाचं शाळेत नाव घालायचंय, घरात तांदूळ नाही, आणि वसंत हातातल्या शेवटच्या पैशातून बाजारातून पाटी घेऊन येतो. बायको भांडते, सुंदरा डोळे पुसते. लिहिताना मलाही गहिवरून आलं. आठ दिवसांनी वाचलं तेव्हा खोटं वाटलं. पाटीला पाटी, म्हणजे दुकानातला रोखीचा व्यवहार. इतकी सरळ फेड माणसं करत नाहीत, निदान कळून तरी नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या मनात जे जातं ते पुढे पाटीच्या रूपात बाहेर येत नाही. ते दुसऱ्याच कशाच्या तरी रूपात येतं, आणि ज्याच्याकडून येतं त्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग विचार केला, ज्या मुलाला बापाच्या शब्दाने असं लटकत ठेवलं, तो मोठेपणी काय करेल? माझं उत्तर निघालं ते असं : तो कोणालाच शब्द देणार नाही. कधीच. "उद्या येतो" म्हणणार नाही, "आणतो" म्हणणार नाही. वाईट माणूस नाही तो, येतो वेळेवर, आणतोही. फक्त आधी सांगत नाही. काहीही विचारा, "बघू." सात वर्षं संसार केलेल्या बायकोला या "बघू"ने जीव नकोसा केलाय. जखम बापाच्या शब्दाची, आणि मुलाच्या पिढीत तिची झाली ही एका शब्दाची सवय. रूप पार बदललं, पण मूळ तेच. पिढ्यांच्या गोष्टीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही जागा, कारण इथे वाचकाला त्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक असतं. वसंतला आठवत नाही. सुलोचनाला माहीतच नाही. वाचकाने मात्र खालचं बटण वरच्या काजात गेलेलं पाहिलंय.

तर आता 1982 असं सुरू होतं. गिरणी उघडणार अशी आवई उठली आहे, आणि वसंत मुंबईला जाऊन बघून यायला निघालाय.

"वश्या, छत्री घे," सुंदरा पडवीतून म्हणाली.

त्याने खुंटीवरची छत्री घेतली. सुलोचनाने भाकरी फडक्यात बांधून दिली आणि गाठ मारता मारता विचारलं, "कधी येणार?"

"बघू."

"आईतवार धरू का?"

"बघू म्हटलं ना."

"एक वार सांगायला काय जातं माणसाचं? पाच महिने झाले गिरणी बंद हाय, निदान तोंड तरी..."

पडवीत सुपाचा आवाज थांबला. सुंदराने नाचणीतला खडा वेचून अंगणात टाकला. "नको विचारू त्याला," ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

एवढंच. खडा वेचणं हे मी मुद्दाम शोधलं नव्हतं, सुपात नाचणी होती म्हणून आलं. पण या बारा-तेरा ओळींत काय काय बसलंय ते सुटं करून बघण्यासारखं आहे.

पहिलं म्हणजे हाक. एकोणतीस वर्षांच्या बाप्याला "वश्या" म्हणणारं माणूस घरात एकच असतं. बावीस वर्षांपूर्वीचा मुलगा आणि आजचा कामगार एकच आहेत, हे सांगायला मला अकरा पानं लागली होती. आईच्या हाकेला एक शब्द लागला. मराठीत नात्याची हाक हा पिढ्या जोडणारा सगळ्यात स्वस्त आणि पक्का पूल आहे. सुलोचना त्याला नावाने हाक मारत नाही, नंदा बाबा म्हणेल, मुंबईत तो वसंत आहे. कोण कोणत्या काळातून त्याच्याकडे बघतंय हे हाकेवरूनच कळतं. त्यासाठी पहिल्या भागात "वश्या" हे नाव वाचकाच्या कानात बसलेलं असायला हवं, हे ओघानेच आलं. मी आधी तिथे दोन-तीनदाच वापरलं होतं, ते परत जाऊन वाढवावं लागलं.

दुसरं म्हणजे हा प्रसंग सुंदराच्या कानाने ऐकू येतो. पहिल्या खर्ड्यात मी 1982 वसंतच्या डोक्यात शिरून सुरू केलं होतं, आणि तेही लालबागच्या चाळीत. माणूस नवा, जागा नवी, आणि त्याची बोलण्याची धाटणीही नवी, मुंबईची. वाचकाला धरायला काहीच नाही. तेव्हापासून मी स्वतःसाठी एक अंदाज बांधून ठेवलाय : उडीनंतर माणूस, जागा आणि बोलण्याची तऱ्हा या तिन्हींतल्या दोन गोष्टी तरी जुन्या ठेवायच्या. इथे पडवी तीच आहे, सुंदरा तीच आहे, म्हणून सुलोचना आणि नंदा ही दोन नवी माणसं एकदम आत घेता येतात. चाळीत जायचं असेल तर जावं, पण दहा पानांनी, सुंदराला सोबत घेऊन किंवा वसंत आपला झाल्यावर.

दोन्ही काळांत जिवंत असलेलं असं एक माणूस लागतंच. ते मुख्य पात्र असण्याची गरज नाही. उलट मला वाटतं, कमी बोलणारं माणूस या कामाला जास्त चांगलं. सुंदराने जर इथे "तुझ्या सासऱ्याने पण एकदा असंच..." म्हणून गोष्ट सांगितली असती, तर सगळा पीळ गेला असता. तिला ठाऊक आहे हे तिच्या थांबलेल्या सुपावरून कळतं. नवशिक्या लेखनात म्हाताऱ्या माणसांना हे काम फार लावलेलं दिसतं. उडी झाली की आजी बोलायला लागते आणि मागचं सगळं सांगून टाकते. खऱ्या घरातल्या आज्या बोलतात खूप, पण नेमकी ही गोष्ट सोडून बाकी सगळं बोलतात.

मग मधल्या बावीस वर्षांचं काय? ती अजिबातच सांगायची नाहीत असं नाही. वाचकाला दोन गोष्टी लवकर लागतात : कोण उरलंय आणि कोण नाही. भिकू नाही, हे पहिल्या दोन पानांत कळलंच पाहिजे, नाहीतर वाचक दर ओळीला त्याला शोधत बसतो. पण ते कसं कळावं? "1974 मध्ये भिकू वारला" असं लिहिता येतं, आणि कधीकधी तेच बरं. इथे माझ्याकडे तार होती. सुंदरा सांजवात लावताना तारेवरच्या पट्ट्यांवरची धूळ फुंकते. पट्ट्या वरून खाली पिवळ्याच्या पांढऱ्या होत गेल्यात, शेवटची 1974 च्या ऑगस्टची, आणि त्याखाली तारेचं टोक रिकामं. ज्याने पट्ट्या पहिल्या भागात पाहिल्या आहेत त्याला याहून जास्त सांगायला नको.

वस्तूचा असा उपयोग जुनाच आहे. टोमास मान यांच्या 1901 सालच्या 'बडेनब्रूक्स' या जर्मन कादंबरीत व्यापारी घराण्याची एक वही असते. तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या जन्म, लग्नं, मृत्यू लिहिले जातात. शेवटच्या पिढीतला छोटा हानो एक दिवस आपल्या नावाखाली पट्टीने रेघ मारून ठेवतो. बाप चिडून विचारतो तेव्हा म्हणतो, मला वाटलं पुढे काही येणार नाही. वही तीच, पण आजोबांच्या हातात तिचा अभिमान होता, मुलाच्या हातात ती संपलेल्या हिशोबासारखी झाली. वस्तू नुसती तीन पिढ्या दिसत राहिली तर ती प्रदर्शनातल्या वस्तूसारखी होते. मराठी लेखनात वाड्याचा झोपाळा, आजीची नथ यांचं हेच होतं : दर पिढीत सगळे तिच्याकडे बघून हळवे होतात आणि पुढे जातात. दर पिढीने तिचं वेगळं काहीतरी करायला हवं, निदान तिच्याकडे वेगळ्या कारणासाठी बघायला हवं.

काळाच्या खुणांचंही तेच. माझ्या अकरा पानांत 1972 चा दुष्काळ आणि आणीबाणी दोन्ही होती. या घरात त्यांनी काय बदललं होतं? काहीच नाही. ती कॅलेंडरवरून उतरवलेली होती. ती काढली आणि एकच ठेवली, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, कारण त्याने घरावर खूण ठेवली आहे. माजघराच्या भिंतीला तेव्हा गेलेली भेग अजून तशीच आहे, शेणमातीने लिंपली तरी पावसाळ्यात पुन्हा दिसते, आणि तार टांगलेला खिळा त्या भेगेच्या शेजारी आहे. पहिल्या भागातली भिंत सलग होती. भेग बघून वाचकाला कळतं की आपण नव्हतो तेव्हा इथे काहीतरी होऊन गेलं. त्याची गोष्ट सांगावीशी वाटली तर पुढे केव्हाही सांगता येते, नाही सांगितली तरी चालतं.

जुन्या पैशांचंही एक सांगतो, कारण यात भलेभले फसतात. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर झाले, पण माणसं पुढे कितीतरी वर्षं चार आणे, आठ आणे म्हणतच राहिली. 1959 च्या प्रसंगात सगळ्यांच्या तोंडी पैसे आणि 1982 मध्ये कोणाच्याच तोंडी आणे नाहीत, असं लिहिलं तर साल बरोबर येतं आणि माणसं चुकतात. सुंदरा आणे म्हणेल. नंदा म्हणणार नाही. एका पानावर दोघींना एकाच वस्तूची किंमत सांगायला लावली की पिढी बदललेली कळते.

हे सगळं लिहायला बसण्याआधी एक रूक्ष काम करावं लागतं, आणि मी ते सहा महिने उशिरा केलं. एका कागदावर आडवी सालं, उभी माणसं, आणि चौकोनात वय. वसंत 1953 चा, म्हणजे शाळेत जाताना सहा आणि संपात एकोणतीस. सुंदरा 1937 ची. भिकू 1931 चा, गेला तेव्हा त्रेचाळीस. तक्ता केला तेव्हा कळलं की माझ्या खर्ड्यात एका पानावर सुंदरा आपल्या मुलापेक्षा अकरा वर्षांनीच मोठी होती. असल्या चुका कधी वाचकाच्या लक्षात येतात, कधी येत नाहीत, पण तक्त्याचा खरा फायदा वेगळाच निघाला. भिकू ऑगस्ट 1974 मध्ये गेला आणि नंदा 1977 ची, म्हणजे वसंतचं लग्न मधे कधीतरी. आपल्याकडे घरात बाप गेला की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणजे लग्न 1975 च्या उन्हाळ्यात, घाईत, सुतकाची छाया पुरती सरली नसताना झालं असणार. त्याच वर्षी तो बापाच्या ओळखीने गिरणीत बदली म्हणून लागला असणार. बाप, लग्न, नोकरी, तिन्ही एका वर्षात, आणि त्यातलं काहीच त्याला विचारून झालेलं नाही. मला हे आधी सुचलं नव्हतं. तक्त्याच्या चौकोनांतून आलं. कादंबरीत यातलं एकच वाक्य आहे, सुलोचना जावेला सांगते, "माझ्या लग्नात वाजंत्री नव्हती." वाचकाने पट्टीचं साल आणि नंदाचं वय जुळवलं तर त्याला कारण कळेल. नाही जुळवलं तरी वाजंत्री नसलेलं लग्न डोळ्यांपुढे राहील.

उडी साधली की नाही हे स्वतःला कळत नाही, कारण मधली वर्षं आपल्या डोक्यात भरलेली असतात. मी दोन गोष्टी करून बघतो. उडीनंतरच्या दहा पानांतून "तेव्हापासून", "या वर्षांत", "एव्हाना" असे शब्द असलेली वाक्यं पेन्सिलीने खोडतो आणि उरलेलं वाचतो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणजे ती वाक्यं माझ्या धीरासाठी होती. आणि पहिला भाग वाचलेल्या माणसाला ही दहा पानं देऊन विचारतो, "या वसंतचा तुला राग येतो का?" नुसताच राग आला असेल तर उधारी पलीकडे पोचलेली नाही. राग येतो पण बायकोला काहीतरी सांगावंसं वाटतं, असं म्हणाला तर पोचली. मैत्रिणीने या वेळी लिहिलं होतं, "सुलोचनाला कोणीतरी सांगा ना." तिसऱ्या माणसाने मात्र त्याच प्रसंगावर "सासू सुनेला गप्प का करते?" असं लिहिलं. त्याने पहिला भाग चार महिन्यांपूर्वी वाचला होता. म्हणजे पाटीचा प्रसंग चार महिने टिकण्याइतका ठसठशीत नव्हता, आणि काम पुन्हा अलीकडच्या काठावर करायचं होतं. तेव्हाच ते चुकलेलं बटण आलं.

पुढची उडी छोटी आहे, पाच वर्षांची, आणि छोट्या उडीला यातलं निम्मंही लागत नाही. माणसं तीच, घर तेच. नंदा दहा वर्षांची झालीय आणि वाचते. तिच्या पिढीत या उधारीचं काय होईल हे मला बरेच दिवस सुचत नव्हतं. बापाच्या "बघू"ला कंटाळलेली मुलगी सगळ्यांकडून वचनं घेत सुटेल, असं आधी लिहिलं, पण ते पुन्हा पाटीला पाटीसारखंच सरळ झालं. शेवटी तार खाली काढली. पावसाळ्यात भिंत लिंपायची म्हणून सुंदरा ती खिळ्यावरून उतरवते, आणि नंदा वरची पट्टी वाचायला लागते.

"पावसाच्या आत येतो. वश्याला पाटी आणतो. वश्या म्हणजे बाबा?"

"हं. पुढची वाच."

"याच्यावर काही नाही, आजी."

"असू दे. पुढची."

नंदाने पट्टी सरकवली. तीही कोरी होती. तिने आजीकडे पाहिलं, मग पट्टीकडे, आणि म्हणाली, "पाऊस चांगला झाला. पाटी मिळाली."

सुंदराने लिंपणाचा हात भिंतीवरून काढला नाही. "पुढची," ती म्हणाली.

इथे माझं एक वाक्य होतं, नंदाला हे का सुचलं ते समजावणारं. मैत्रिणीने ते खोडलं, आणि समासात फक्त साल तपासायला सांगितलं : 1987 ला नंदा दहाचीच ना?